शिट्टी न वाजवणं हाही पंचाचा निर्णयच : फुटबॉलमधला ॲडव्हान्टेजचा नियम



शालेय फुटबॉलचा सामना सुरू असताना मैदानाच्या कडेला उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "ओ सर, फाऊल दिसला नाही का?" बोलणारे कधी पालक असतात, कधी दुसऱ्या शाळेचे शिक्षक, तर कधी बदली खेळाडू म्हणून बसलेली मुलं. आपल्या मुलाला समोरच्यानं पाय घातलेला असतो, तो धडपडलेला असतो आणि पंच मात्र दोन्ही हात पुढे करून "खेळा, खेळा" म्हणत पळत असतात. बघणाऱ्याला वाटतं, पंचांनी डोळेझाक केली. खरं तर बऱ्याचदा पंचांनी फाऊल नीट पाहिलेला असतो, आणि पाहिलेला असतो म्हणूनच शिट्टी थांबवलेली असते.

यालाच ॲडव्हान्टेजचा नियम म्हणतात. क्रीडा तासाला आपण फाऊल, हँडबॉल, थ्रो-इन, कॉर्नर हे सगळं शिकवतो, पण हा नियम बहुतेक वेळा राहून जातो. माझं मत असं की तो मुलांना शिकवायलाच हवा, आणि केंद्रस्तरीय सामन्यांत पंच म्हणून उभं राहणाऱ्या आपण शिक्षकांनी तर आधी तो नीट समजून घ्यायला हवा. कारण हा नियम चुकीचा वापरला तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावरच पुन्हा अन्याय होतो.

नियम नेमका काय सांगतो?

फाऊल झाला की पंच शिट्टी वाजवतात, खेळ थांबतो आणि ज्या संघावर फाऊल झाला त्याला फ्री किक मिळते. ही झाली साधी गोष्ट. आता विचार करा, फाऊल होऊनही चेंडू त्याच संघाकडे राहिला आहे आणि पुढे गोल करण्याची चांगली संधी दिसते आहे. अशा वेळी शिट्टी वाजवली तर फायदा कोणाचा? फाऊल करणाऱ्याचा! त्याला चढाई थांबवायचीच होती. पंचांनी शिट्टी वाजवून त्याचं काम पूर्ण केलं. बचाव करणारे सगळे खेळाडू निवांत मागे येऊन भिंत करून उभे राहतील.

हे टाळण्यासाठी १९०३ साली नियमांत ही तरतूद आली. तिचा आशय असा होता की, दंड दिल्यानं चूक करणाऱ्या संघाचाच फायदा होणार असेल तर पंचांनी दंड देण्याचं टाळावं. नियमाची सगळी नैतिक बाजू या एका वाक्यात आहे. शिक्षा करताना तिचा लाभ चूक करणाऱ्याला मिळू नये, एवढंच ते सांगतं.

पण त्यात एक अडचण होती. पंचांनी खेळ चालू ठेवला आणि पुढच्याच क्षणी चेंडू निसटला तर? पूर्वी मग मागे फिरता येत नसे. १९९६ मध्ये ती अडचण दूर झाली. अपेक्षित फायदा लगेच किंवा काही सेकंदांत मिळाला नाही, तर पंच शिट्टी वाजवून मूळ फाऊलसाठी फ्री किक देऊ शकतात. ही मुदत साधारण दोन-तीन सेकंदांची धरली जाते.

मुलांना सांगताना मी क्रिकेटचा आधार घेते. नो-बॉल पडला तरी फलंदाज तो चेंडू मारू शकतो, त्यावर धावा काढू शकतो, हे आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. पंचांनी नो-बॉल पुकारला म्हणून फलंदाजाची संधी जात नाही. फुटबॉलमध्येही तसंच आहे. फरक एवढाच की क्रिकेटमध्ये नो-बॉलची धाव आणि फटक्याच्या धावा दोन्ही मिळतात, फुटबॉलमध्ये दोन्हीपैकी एकच मिळतं. एक तर फायदा, नाहीतर फ्री किक.

चेंडू आपल्याकडे राहिला म्हणजे फायदा झाला का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. "चेंडू तुमच्याच पोराकडे होता की, मग कशाला शिट्टी?" असं आपण सहज म्हणून जातो. पण चेंडू ताब्यात असणं आणि फायदा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचांनी स्वतःला विचारायचा प्रश्न असा : या संघाला आत्ता फ्री किकपेक्षा चांगलं काही मिळतंय का?

समजा, आपल्याच अर्ध्या भागात, बाजूच्या रेषेजवळ आपल्या खेळाडूला ढकललं. चेंडू त्याच्याकडेच आहे, पण समोर दोन जण आहेत आणि पास द्यायला मोकळं कोणी नाही. इथे खेळ चालू ठेवून मुलाच्या हाती काय लागलं? काहीच नाही. फ्री किक दिली असती तर निदान त्याला शांतपणे चेंडू खेळता आला असता आणि समोरचे नियमाप्रमाणे लांब उभे राहिले असते.

आता तोच फाऊल मैदानाच्या मध्यावर झाला. चेंडू पुढे घरंगळत आपल्या दुसऱ्या खेळाडूकडे गेला, त्याच्यापुढे मोकळी जागा आहे आणि बचावाला एकच जण उरला आहे. इथे शिट्टी वाजवणं म्हणजे हातातोंडाशी आलेला घास काढून घेणं.

पेनल्टी क्षेत्रात पुन्हा हिशेब बदलतो. तिथे फाऊल झाला तर पेनल्टी मिळते, आणि मोठ्या स्पर्धांत चारपैकी साधारण तीन पेनल्टींवर गोल होतो. पेनल्टी सोडून खेळ चालू ठेवायचा तर त्याहून मोठी संधी समोर हवी. म्हणजे चेंडू साथीदाराच्या पायाशी आणि गोल जवळपास मोकळा. तेवढं नसेल तर सरळ पेनल्टी द्यावी.

म्हणून पंच क्षणभरात तीन-चार गोष्टी ताडतात. फाऊल किती गंभीर आहे, तो कुठे झाला, लगेच चांगली चढाई होण्याची शक्यता किती आहे आणि सामन्याचं वातावरण कसं आहे. शेवटची गोष्ट आपल्याला किरकोळ वाटते, पण मुलांच्या सामन्यात तीच फार महत्त्वाची असते. तिच्याकडे पुढे येते.

पॅरिसमधली ती शिट्टी

हा नियम किती महत्त्वाचा आहे ते एका प्रसिद्ध सामन्यावरून नीट कळतं. १७ मे २००६. पॅरिसजवळचं स्टाद द फ्रान्स हे मैदान. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, बार्सिलोना विरुद्ध आर्सेनल. पंच होते नॉर्वेचे तेर्ये हाउगे.

अठराव्या मिनिटाला बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्होनं सॅम्युएल एटोला पास दिला. एटो गोलच्या दिशेनं एकटाच निघाला. आर्सेनलचा गोलकीपर येन्स लेमान त्याला अडवायला पुढे धावला आणि पेनल्टी क्षेत्राच्या जरा बाहेर त्यानं एटोला पाडलं. फाऊल अगदी स्पष्ट होता. पण चेंडू तिथे थांबला नाही. तो बार्सिलोनाच्याच लुडोविक ज्युलीकडे गेला आणि ज्युलीनं तो रिकाम्या गोलमध्ये ढकलला.

गोल? नाही. हाउगे यांची शिट्टी आधीच वाजली होती. शिट्टी वाजली की खेळ थांबतो, आणि थांबलेल्या खेळात गोल होऊ शकत नाही. त्यांनी लेमानला लाल कार्ड दाखवलं आणि बार्सिलोनाला क्षेत्राबाहेरून फ्री किक दिली. रोनाल्डिन्होची ती फ्री किक बाहेर गेली.

आता दोन्ही संघांच्या बाजूनं हा प्रसंग बघू. बार्सिलोनाचा झालेला गोल गेला आणि त्या बदल्यात मिळाली एक फ्री किक. आर्सेनलचा गोलकीपर गेला आणि उरलेला सगळा सामना त्यांना दहा जणांनिशी खेळावा लागला. दुसरा गोलकीपर आत आणण्यासाठी त्यांना रॉबर्ट पिरेसला बाहेर काढावं लागलं. बिचारा पिरेस, त्यानं काहीच केलं नव्हतं! चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला लेमान हा पहिलाच खेळाडू ठरला.

हाउगे दोन-तीन सेकंद थांबले असते तर काय झालं असतं? ज्युलीचा गोल धरला गेला असता. लेमानला लाल कार्डाऐवजी पिवळं कार्ड मिळालं असतं. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लाल कार्ड होतं ते गोलची स्पष्ट संधी हिरावल्याबद्दल. गोलच झाला तर संधी हिरावली असं म्हणता येत नाही, म्हणून शिक्षा एक पायरी खाली येते. म्हणजे बार्सिलोना १-० पुढे आणि मैदानात अकरा विरुद्ध अकरा. काही सेकंद थांबून निर्णय द्यायला हवा होता असं हाउगे स्वतःही नंतर म्हणाले.

पुढे आर्सेनलनं दहा जणांनिशी आधी गोल केला. मग एटो आणि बेलेट्टी यांनी शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन गोल करून बार्सिलोनाला २-१ असं जिंकून दिलं. निकाल बार्सिलोनाच्या बाजूनं लागला म्हणून ती शिट्टी बरोबर ठरत नाही. फाऊल ओळखण्यात हाउगे यांची काहीच गफलत नव्हती. घाई झाली ती शिट्टी वाजवण्यात. कार्ड नंतर देता येतं, फ्री किक दोन सेकंदांनी देता येते, पण वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही. माझ्या मते पंचगिरी शिकवताना हा फरक पहिल्या दिवशी सांगायला हवा.

अगदी अलीकडचंही एक उदाहरण आहे. ३ डिसेंबर २०२३ ला मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅम यांचा सामना ३-३ असा बरोबरीत होता आणि जादा वेळ सुरू होता. सिटीच्या हालँडवर मैदानाच्या मध्यभागी फाऊल झाला, पण त्यानं तोल सावरून जॅक ग्रीलिशकडे लांब पास दिला. पंच सायमन हूपर यांनी आधी खेळ चालू ठेवण्याची खूण केली, आणि ग्रीलिश मोकळ्या जागेत गोलकडे निघाल्यावर शिट्टी वाजवली. २००६ मध्ये पंच थांबलेच नव्हते. इथे ते थांबले, पण फायदा डोळ्यांसमोर उभा राहिला त्याच क्षणी त्यांनी तो काढून घेतला. सिटीच्या खेळाडूंनी पंचांना घेराव घातला आणि त्याबद्दल त्यांच्या क्लबला दंडही झाला. राग समजण्यासारखा होता, घेराव मात्र चूकच. मुलांना ही दोन्ही वाक्यं एकत्र सांगावीत.

ॲडव्हान्टेज दिला म्हणजे माफी मिळाली का?

अजिबात नाही. फाऊल कार्ड देण्याइतका वाईट असेल तर चेंडू बाहेर गेल्यावर किंवा खेळ थांबल्यावर पंच त्या खेळाडूकडे जाऊन कार्ड दाखवतात. बेफिकिरीनं पाय घातला असेल तर पिवळं कार्ड मिळतंच, मग पुढे गोल झाला तरी. फक्त चांगली चढाई अडवण्यापुरता साधा फाऊल असेल आणि ॲडव्हान्टेजमुळे ती चढाई चालू राहिली असेल, तर आता त्यासाठी पिवळं कार्ड देत नाहीत. जे अडवायचं होतं ते अडवलंच गेलं नाही ना!

आणि फाऊल धोकादायक असेल, लाल कार्डाचा असेल, तर खेळ चालूच ठेवायचा नाही. समोर गोलची अगदी स्पष्ट संधी असेल तेवढाच अपवाद. मूल खरोखर जखमी झालं असेल, विशेषतः डोक्याला मार लागला असेल, तर संधी कितीही मोठी असो, शिट्टी आधी.

उलट बाजूचा गैरसमजही दूर करायला हवा. ॲडव्हान्टेज मिळाला, मुलगा एकटा गोलकीपरसमोर पोहोचला आणि त्यानं चेंडू गोलच्या बाहेर मारला. आता शिक्षक ओरडतात, "मग मागचा फाऊल द्या!" तो मिळत नाही. त्याला संधी मिळाली होती, ती त्यानं घालवली. पण फाऊलचा धक्का बसल्यामुळे दोनच पावलांत तो अडखळून पडला आणि चेंडू गेला, तर पंचांनी मागे येऊन फ्री किक द्यायलाच हवी. संधी मिळून ती वाया गेली की संधी तयारच झाली नाही, हे पंचांनी ओळखायचं असतं.

आपल्या शाळेच्या मैदानावर

आता माझं मत स्पष्ट सांगते. टीव्हीवर मोठे पंच वापरतात तितक्या वेळा हा नियम आपण प्राथमिकच्या मुलांच्या सामन्यात वापरू नये. दहा-बारा वर्षांची मुलं फाऊल झाला की आपोआप थांबतात. ज्याला धक्का बसला तो आपल्याकडे बघतो, त्याचे साथीदारही बघतात आणि तेवढ्यात समोरचा चेंडू घेऊन जातो. या वयात चेंडूवर तितका ताबाही नसतो. त्यामुळे कागदावर दिसणारा फायदा मैदानावर क्वचितच मिळतो. म्हणून या गटात गोलच्या जवळ आणि समोर मोकळी जागा असेल तेव्हाच थांबावं, इतर ठिकाणी शिट्टी वाजवून फ्री किक द्यावी. सातवी-आठवीच्या पुढे हळूहळू थांबणं वाढवता येईल.

दुसरं कारण वातावरणाचं, ज्याचा उल्लेख मी वर केला. आपल्याला मारलेलं कोणी पाहिलंच नाही असं वाटलं की मूल स्वतः हिशेब चुकता करायला जातं. पाच मिनिटांनी मागून लाथ बसते ती यातूनच. सामना तापलेला असेल, दोन शाळांची जुनी चुरस असेल, तर थोडा फायदा सोडून शिट्टी वाजवलेली बरी. शिट्टीनं खेळ थांबतो, श्वास घेता येतो आणि पंचांचं लक्ष आहे हे सगळ्यांना कळतं.

आणि जेव्हा थांबाल, तेव्हा ते सगळ्यांना दिसू द्या. दोन्ही हात पुढे करा आणि मोठ्यानं सांगा, "फाऊल पाहिलाय, खेळा!" हे दोन शब्द जास्तीचे वाटतील, पण पडलेल्या मुलासाठी तेच महत्त्वाचे असतात. खेळ थांबल्यावर फाऊल करणाऱ्याजवळ जाऊन त्याला समज द्या, म्हणजे न वाजलेल्या शिट्टीचा अर्थ माफी असा होणार नाही. आणखी एक साधी सवय म्हणजे शिट्टी ओठांत धरून न पळता हातात ठेवावी. ती तोंडापर्यंत नेताना जो क्षण जातो, तेवढ्यात चेंडू कुठे गेला ते दिसतं.

काही सहकारी म्हणतात, "हे सगळं पंचांच्या मर्जीवर सोडलेलं आहे, मुलांना नियम कसा एकसारखा हवा." मुद्दा अगदीच चुकीचा नाही. एकाच सामन्यात एका संघाला फायदा आणि दुसऱ्याला शिट्टी मिळाली तर संशय येतोच. पण त्यावर उपाय नियम सोडून देणं हा नव्हे. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना आणि त्यांच्या शिक्षकांना आपण कुठे थांबणार, कुठे थांबणार नाही हे दोन वाक्यांत सांगून टाकावं. प्रत्येक फाऊलला लगेच शिट्टी वाजवली तर एकसारखेपणा येईल खरा, पण मुलांना त्यातून कळेल ते असं : समोरचा पुढे निघाला की पाय घाला, फार तर एक फ्री किक जाईल. असा धडा आपल्या मैदानावर कोणाला द्यायचाय?

पुढच्या क्रीडा तासाला एक छोटा प्रयोग करून बघा. सराव सामना लावा आणि बाहेर बसलेल्या चार मुलांना पंचांसोबत पंच करा. फाऊल झाला की त्यांनी मनात "एक, दोन" म्हणायचं आणि मग हात वर करून सांगायचं, फ्री किक की खेळ चालू. त्यांचं उत्तर आणि तुमचं उत्तर जुळतं का ते तिथेच बोला. कडेला बसून "फाऊल दिसला नाही का" म्हणणारी मुलं दोन आकडे मोजायला लागली, की पंचांची न वाजलेली शिट्टी त्यांना ऐकू यायला लागेल.

तुमच्या केंद्रात सामन्यांच्या वेळी हा नियम कसा वापरतात, ते जरूर कळवा.